वाकलेली पिन आणि मामांचं कार्ड

शिरूरजवळच्या एका लहान कारखान्यात मी सहा वर्षं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं धातू कापणाऱ्या मशीनचा, प्रोग्रामर होतो. ऑफिसात कॉम्प्युटरवर प्रोग्राम करायचा, तो कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर उतरवायचा आणि कार्ड मशीनच्या स्क्रीनशेजारच्या झडपेमागच्या खाचेत घालायचं, असं आमचं काम चाले. मशीन जुनं होतं. त्याला पेनड्राइव्ह कळायचा नाही, काडेपेटीपेक्षा थोडं लहान असं ते जाडसर कार्डच लागायचं.

मशीनवर निमोण्याचे एक ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. वय पन्नाशीच्या पुढं, घरी थोडी शेवंती, थोडा कांदा. शिक्षण दहावीपर्यंतच, पण कटरचा आवाज ऐकून फीड, म्हणजे कटर पुढं सरकायचा वेग, कमी करायचा की वाढवायचा हे ते सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. मला मात्र ते पोरगंच समजायचे. "ए पोरा, तुझ्या प्रोग्रामात हितं टूल जास्त खाली येतंय बघ," असं सरळ म्हणायचे. मला ते आवडायचं.

त्या आठवड्यात एक नवीन पार्ट होता. माझा प्रोग्राम कच्चा निघाला. मामांनी चार दिवस मशीनवरच तो सुधारत नेला आणि पार्ट मापात आणला. मशीनची मेमरी छोटी असल्यामुळं पुढच्या जॉबसाठी तो पुसावा लागणार होता. मामांनी सुधारलेला प्रोग्राम कार्डावर घेतला, मशीनमधला पुसला आणि कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "जपून ठिव. चार दिसांचं काम हाय त्यात."

मी फोनवर बोलत होतो. कार्ड वाचायचा रीडर कॉम्प्युटरच्या मागं, वायरींच्या गुंत्यात पडलेला असायचा. एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं मी चाचपडत कार्ड त्यात घातलं. ते अडलं. मी बघितलं नाही, दाबलं. आत काहीतरी कट् झालं, बोटाला अगदी बारीक जाणवलं. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. स्क्रीनवर काहीच आलं नाही. कॉम्प्युटरच्या लेखी कार्ड नव्हतंच.

त्याच वेळी आमचे फोरमन आत आले. "प्रोग्राम घेतलास का? पुढच्या आठवड्यात त्याचा माल जायचाय."

"कार्ड दिसत नाहीये," मी म्हणालो.

"का?"

कट् झालेला तो आवाज माझ्या बोटात अजून होता. मामा दारातच उभे होते. त्यांच्या शर्टाच्या खिशातून तंबाखूची पुडी डोकावत होती आणि कार्डही ते नेहमी त्याच खिशातून आणायचे. मी म्हणालो, "तंबाखूच्या खिशात ठेवल्यावर काय होणार? कार्डाच्या भोकांत चुना गेला असेल."

एवढंच बोललो. त्या वाक्यात मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो.

मामांनी पटकन खिशावर हात ठेवला. "आवं, पुडी बांधलेली असती," ते फोरमनला म्हणाले. मग पुडी चाचपून, "पण गेला बी आसंल. मला काय कळतंय त्यातलं."

फोरमन म्हणाले, "मशीनला लावून बघ एकदा." मी घाईनं नको म्हणालो. भोकांत घाण असेल तर त्यांत जाणाऱ्या मशीनच्या पिना वाकतील, ते फार महागात पडेल, असं कारण दिलं. कारण खरं होतं. पण माझ्या मनात ते नव्हतं. मशीननं कार्ड वाचलं असतं तर दोष ऑफिसातल्या रीडरचा ठरला असता, आणि रीडर फक्त मीच वापरत होतो.

संध्याकाळी फोरमननी मामांना मशीनवरून काढलं आणि बर काढायच्या टेबलावर बसवलं. तयार पार्टच्या कडांना राहिलेली धारदार कुसं कानशीनं घासायची, हे तिथलं काम. नवीन आलेल्या मुलांना देतात ते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी दौंडला एका फोटोग्राफर ताईंकडे गेलो. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनीच फोटो काढले होते आणि त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याला असलीच कार्डं लागतात हे मला माहीत होतं. न्हावऱ्यावरून चौफुल्याला येईपर्यंत मी एकच घोकत होतो, कार्ड खराबच निघू दे. खराब निघालं असतं तर मी सुटलो असतो. चार दिवसांचं काम जाईल, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

ताईंनी कार्ड लगेच रीडरमध्ये घातलं नाही. ते उभं धरलं, टॉर्च लावला आणि भिंग घेऊन त्याची कड पाहू लागल्या.

"काय बघताय?"

"भोकं. पंचवीस-पंचवीसच्या दोन ओळी असतात. पिना रीडरमध्ये असतात, त्या या भोकांत जातात. एखाद्या भोकात काही अडकलं असेल आणि मी तसंच दाबलं, तर माझ्याही रीडरच्या पिना वाकतील. मग तो रीडर पुढचं कार्ड बिघडवेल."

"चुना आहे का आत?"

"छे. स्वच्छ आहेत." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "पण ही कोपऱ्याजवळची खूण बघा. पिन भोकात न जाता कडेच्या प्लॅस्टिकवर टेकलीय. कुणीतरी कार्ड तिरकं घालून दाबलंय. भोक मात्र उघडं आहे, नशीब."

मग त्यांनी स्वतःच्या रीडरच्या तोंडात टॉर्च मारून दोन्ही ओळी सरळ आहेत का ते पाहिलं. त्यात आधी स्वतःचं एक रिकामं कार्ड घातलं. ते दिसलं. ते काढून आमचं घेतलं, कडेच्या खाचा जुळवल्या आणि दोन बोटांनी अलगद आत सरकवलं. जराही जोर लावला नाही. स्क्रीनवर फोल्डर उघडला. मामांचा प्रोग्राम त्यात होता.

त्यांनी आधी सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतलं. "कॉम्प्युटरनं कधी फॉरमॅट करू का विचारलं, तर हो म्हणायचं नाही. बऱ्याचदा कार्ड चांगलं असतं, संपर्क नीट नसतो. आणि तुमचा रीडर दुसरं कार्ड घालून तपासू नका. वायर काढा, मग टॉर्चनं आत बघा. एखादी पिन शेजारच्या पिनेला टेकली असेल तर करंट भलतीकडे जातो, चांगलं कार्डही जाईल."

"सुईनं सरळ केली तर?"

"सरळ करताना तुटते, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा वाकते. कॅमेऱ्यातली असती तर मी दुरुस्तीवाल्याकडे पाठवली असती. रीडर काय, नवा मिळतो." मग सहज विचारलं, "कुणी घातलं होतं तिरकं?"

त्या बाईंचा आमच्या कारखान्याशी काही संबंध नव्हता. तिथं खरं बोललो असतो तर काहीच बिघडलं नसतं. तरीही मी म्हणालो, "आमच्याकडे एक जुने ऑपरेटर आहेत."

येताना दौंडमधूनच नवा रीडर घेतला. सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचलो, जुन्या रीडरची वायर काढली आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला. खालच्या ओळीतली कडेची एक पिन पार आडवी झाली होती आणि शेजारच्या पिनेला चिकटली होती. मी तो रीडर तेलकट चिंधीत गुंडाळला आणि लोखंडी किसाच्या ट्रॉलीत खोल खुपसला.

फोरमनना म्हणालो, "कार्ड वाचलं. प्रोग्राम आहे. कार्डाच्या एका भोकापाशी खूण आहे, तिथं घोळ होता."

"म्हणजे मामांनीच आदळलं असणार," ते म्हणाले. मी मान हलवली नाही आणि नाहीही म्हणालो नाही.

माल वेळेवर गेला. मामा टेबलावरच राहिले. पोरं त्यांना "काय मामा, कार्डाला तंबाखू चारली का?" असं म्हणून चिडवायची आणि मामाही हसायचे. मी ऑफिसच्या काचेतून त्यांना बघायचो. कानस चालवताना मध्येच थांबून ते मशीनचा आवाज ऐकायचे. नव्या ऑपरेटरचा फीड चुकला की त्यांची मान वर व्हायची, आणि मग पुन्हा खाली.

तीनेक आठवडे गेले. एका दुपारी जेवणानंतर नळावर आम्ही दोघंच डबे धूत होतो. मामा म्हणाले, "पोरा, एक इचारू? त्या कार्डाला आता काय तरास न्हाई ना? म्या तंबाखूची पुडी आता पँटीच्या खिशात ठिवतो. शर्टाचा खिसा बायकोकडनं दोनदा धुऊन घेतला. पण मनाला लागलंय. एवढ्या वर्सांत माझ्या हातनं कवा काय मोडलं न्हाई."

मला पुढं ऐकवेना. मी नळ बंद केला आणि सगळं सांगितलं. फोन, कट् झालेला आवाज, दौंड, ती आडवी पिन, किसाची ट्रॉली. सांगताना त्यांच्याकडे बघितलं नाही, डब्याच्या झाकणाकडेच बघत होतो.

मामांनी डबा पुसला, झाकण लावलं. मला वाटलं, ते म्हणतील जाऊ दे. मी त्याचीच वाट बघत होतो, हे आज कळतं.

"मला सांगून काय व्हनार?" ते शेवटी म्हणाले. "मशीनवरनं मला फोरमननी काढलं. त्यांना सांगा तुम्ही."

त्यांनी मला तुम्ही म्हटलं. तोवरच्या तीन वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा.

मी तसाच फोरमनच्या केबिनमध्ये गेलो. ते रागावले, पण मला वाटलं होतं तेवढे नाही. "आधी बोलायचंस ना. माणूस उगाच तिकडं बसला." सोमवारी मामा मशीनवर परतले. मला एक लेखी ताकीद मिळाली आणि विषय मिटला, असं फोरमन म्हणाले.

पण विषय केबिनमध्येच मिटला होता. बाहेर कुणालाच काही कळलं नाही. पोरं पुढंही वर्षभर मामांना तंबाखूवरून चिडवत राहिली. एकदा तर मी शेजारीच उभा होतो. फक्त एवढं म्हणायचं होतं, अरे, ते मी केलं होतं. सात-आठ जण होते. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते ड्रॉइंग वाचत राहिले. मी हातातला चहा संपवला आणि ऑफिसात निघून गेलो.

नंतर मी ती नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. मामांनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "चांगलं काम करा तिकडं." मशीन चालू होतं, त्यांचं लक्ष तिकडं होतं. मी पुढच्या माणसाकडे गेलो.