अस्तर उजवं

तिला गल्लीत सगळे डावरी म्हणत. वयाची पन्नाशी ओलांडली तरी नाव तेच. जुने कपडे सैल-घट्ट करून द्यायचं तिचं दुकान होतं, सोबतीला धाकटी बहीण. गिऱ्हाइकानं कोट टेबलावर टाकला की डावरी आधी तो उलटा करायची. वरून कापड कितीही झकपक असो, अस्तर चाचपल्याशिवाय ती टेपला हात लावत नसे.

“माणसांनासुद्धा उलटं करून बघता आलं असतं तर बरं झालं असतं बघ तुला,” बहीण म्हणायची.

“निम्मी माणसं उसवलेलीच निघाली असती,” डावरी म्हणायची.

हा संशय तिला कुणी वारशानं दिला नव्हता. लहानपणी आईनं तिचा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्यानं कमरेला बांधून उजव्यानं लिहायला शिकवलं. “सगळी जगतात उजव्यानं, तुला काय धाड भरलीय?” हे वर. अक्षर आलं, पण ते तिला कधी आपलं वाटलं नाही. पुढे शिवणकामाला लागली तेव्हा मालकिणीनं नेहमीची कात्री हातात दिली. “कात्रीला कसला आलाय डावा-उजवा?” दहा वर्षं डावरीनं ती कात्री डाव्या हातात धरून कापड कापलं. वरचं पातं खडूची रेघ झाकायचं, दाब उलटा पडून पाती फाकायची, कापड मधे दुमडायचं, कापणी सूतभर इकडेतिकडे जायची. शिव्या मात्र हाताला बसायच्या. मग कधीतरी खरी डाव्या हाताची कात्री मिळाली, उलट्या पात्यांची. पहिल्यांदा रेघ दिसली त्या दिवशी तिला आनंद झाला नाही, दहा वर्षांचा राग आला. तेव्हापासून “तसंच चालतं सगळ्यांना” असं कुणी म्हटलं की तिच्या कानामागे काहीतरी टोचायचं.

अशा बाईला व्हायोलिन शिकायची हुक्की आली ती कोटांमुळे. गावातल्या वाद्यवृंदाचे काळे कोट तिच्याकडे यायचे. व्हायोलिनवाल्यांचा कोट ती डोळे मिटून ओळखायची. उजव्या काखेत शिवण ताणलेली, कारण गज ओढायचा हात तो. डावीकडे कॉलर झिजलेली, कारण तिथे वाद्य टेकतं. वीस वर्षं तिनं त्या काखा सैल केल्या. एका संध्याकाळी कोट पोचवायला ती त्यांच्या सभागृहात गेली, सराव संपेपर्यंत मागच्या बाकावर बसली आणि घरी येऊन बहिणीला म्हणाली, “मला ते शिकायचंय.”

“या वयात?”

“मग काय पुढच्या वयात?”

वाद्यवृंदाचे मास्तर पुढच्या आठवड्यात कोट न्यायला आले. तिनं विचारलं. मास्तर खूश झाले, पण तिच्या हातातली कात्री बघून म्हणाले, “डावऱ्या का तुम्ही? काही बिघडत नाही. नेहमीसारखंच शिका. उलट तुमची सोयच आहे. तारांवर बोटं डाव्या हाताचीच नाचतात, उजव्यानं नुसता गज ओढायचा.”

“नुसता?” डावरी म्हणाली. “मग वीस वर्षं उजवीच काख का फाटते तुमची?”

मास्तर हसले. “बरं, नुसता नाही. सूर उमटतो गजातूनच. पण आमच्या वृंदात एक डावरा आचारी आहे, तो नेहमीसारखंच वाजवतो. फर्डं वाजवतो.”

“आणि मी उलटं शिकले तर?”

मास्तर जरा घुटमळले. “खुर्च्या दाटीच्या आहेत हो. सगळ्यांचे गज एका बाजूला जातात. तुमचा दुसरीकडे गेला तर शेजाऱ्याच्या डोळ्यात.”

मास्तर गेल्यावर ती म्हणाली, “बघितलंस? अडचण खुर्च्यांची आहे. उपदेश मला.”

बहीण म्हणाली, “अगं, खरंही असेल ते.”

“खरं असेल. पण सोयीचंही आहे. सोयीचं खरं मी दोनदा चाचपते.” तरी दुसऱ्या दिवशी ती त्या आचाऱ्याच्या खानावळीत जाऊन आली. माणूस खरोखर डाव्या हातानं कांदा चिरत होता. म्हणजे मास्तरांनी ते तरी खोटं सांगितलं नव्हतं. तिला थोडं वाईटच वाटलं.

मग ती जुन्या वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदार बोलका. डाव्या हाताचं म्हटल्याबरोबर आतून पेटी घेऊन आला. “नशीब काढलंत बाई! खास डावऱ्यांसाठी. असं वर्षात एखादंच येतं.”

वाद्य देखणं होतं. जाड तार असते तिथे बारीक, बारीक असते तिथे जाड. हनुवटी टेकायचा तुकडा दुसऱ्या बाजूला. डावरीनं ते हातात घेतलं, फिरवलं आणि विचारलं, “आत काय असतं?”

“आत? हवा असते, बाई.”

“दिवा द्या जरा.”

बटणं शोधायला तिच्या पिशवीत दांडीचा छोटा आरसा असायचा. तिनं तो पुढच्या नक्षीदार फटीतून आत घातला आणि दिव्याखाली वाकून बघितलं. आत एक बारीक उभी काठी होती, तळापासून वरच्या फळीपर्यंत टेकवलेली. दुसऱ्या बाजूला वरच्या फळीला आतून चिकटवलेली लांब पट्टी. मग ती म्हणाली, “आता तुमचं नेहमीचं एक दाखवा.”

दुकानदारानं नाखुशीनं दिलं. त्यातही काठी आणि पट्टी होती. डावरीनं दोन्ही शेजारी ठेवली. नेहमीच्या व्हायोलिनमध्ये तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाजवळ काठी होती आणि जाड तारेखाली पट्टी. खास डावऱ्यांच्या वाद्यातही काठी-पट्टी त्याच जागी होत्या. वर फक्त तारा फिरवलेल्या, म्हणजे आता जाड तारेखाली काठी आलेली.

“याचं अस्तर उजवंच आहे,” ती म्हणाली.

“आतलं कोण बघतं हो बाई?” दुकानदार बोलून गेला.

तिनं आरसा पिशवीत टाकला. या एका वाक्यावर ती पुढे वर्षभर हसली, पण त्या दिवशी तिला चीड आली. बहिणीला येऊन म्हणाली, “पुन्हा तीच कात्री. फक्त दांडी फिरवलेली.”

आता राहिला गावातला वाद्यं बनवणारा, दुरुस्त करणारा म्हातारा. हा तर सांगणारच, की सगळं उलट करून देतो. काम त्यालाच मिळणार. असं मनात धरूनच ती त्याच्या कारखान्यात शिरली. सरसाचा वास, भिंतीला टांगलेली लाकडी पोटं. तिनं काठी-पट्टीचं सांगितलं तसा म्हातारा पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे बघू लागला.

“तुम्ही आत डोकावलात?”

“सवय आहे.”

“मग ऐका. तारा फिरवून काही होत नाही. जाड तारांना आतून आधार देते ती पट्टी. ती हलवायची तर वरची फळी उघडून नवी लावावी लागते. काठी हलवायची, घोडी नवी, तारांच्या खाचा नव्या, खुंट्यांचा क्रम नवा. एवढं करण्यापेक्षा मुळातच उलटं बनवलेलं घ्यावं. पण आधी तुम्हाला ते हवंय का, हेच ठाऊक नाही.”

“मास्तर म्हणतात नेहमीचं.”

“मास्तरांचं निम्म्या डावऱ्यांच्या बाबतीत बरोबर ठरतं. निम्म्यांच्या बाबतीत मला माहीत नाही. तुम्ही कुठल्या निम्म्यात आहात ते तुमचे हात सांगतील, मी कशाला सांगू?”

कुणाला काही विकायचं नाही असा माणूस डावरीला जास्तच संशयास्पद वाटला. “यात तुमचा काय फायदा?”

“हा चामड्याचा एप्रन चार ठिकाणी उसवलाय. शिवून द्या.”

हे तिला पटलं. म्हाताऱ्यानं दोन व्हायोलिनं काढली. दोन्ही त्याच्याच हातची. एक नेहमीचं. दुसरं मुळातूनच उलटं, डाव्या हाताचं बोट यंत्रात गेलेल्या एका सुतारासाठी केलेलं. सुतारानं हौस फिटल्यावर ते परत आणून दिलं होतं. तिनं त्याच्या पोटात आरसा घातलाच. काठी पलीकडे, पट्टी अलीकडे. अस्तर डावं.

तीन आठवडे ती एक दिवस एक, एक दिवस दुसरं असं घासत राहिली. नेहमीच्यावर बोटं बऱ्यापैकी जागी पडत, पण उजव्या हातातला गज वाकडातिकडा भटके. उलट्यावर बोटं ठेचकाळत, पण गज सरळ जाई. निदान तिला तरी तसं वाटे. आणि तिचा आता स्वतःच्या कानावरही विश्वास उरला नाही. “मला उलटंच हवंय म्हणून ते गोड लागतंय की खरंच गोड आहे?”

“आता स्वतःलाही उलटं करून बघ,” बहीण म्हणाली.

डावरीनं तेच केलं. मास्तरांना दुकानात बोलावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसवलं. ज्याची मतं विरुद्ध, तोच पारखी. बटणांच्या डब्यात तीन काळी, तीन पांढरी बटणं टाकली. काळं निघालं तर नेहमीचं व्हायोलिन, पांढरं निघालं तर उलटं. बटण बहिणीनं काढायचं, म्हणजे क्रम डावरीच्याही हातात नको. मास्तरांनी फक्त बरं की वाईट एवढंच सांगायचं.

“मान वळवलीत तर कोट उसवून देईन,” तिनं बजावलं.

सहा वेळा तिनं लांब गज ओढले आणि पाच सुरांची चढण वाजवली. मास्तर भिंतीला सांगत होते, “वाईट. बरं. बरं. बरं. वाईट. बरं.” बहीण बटणं मांडत गेली. तिन्ही पांढऱ्यांना “बरं” पडलं होतं. काळ्यांपैकी एकाला.

मास्तर वळले, बटणं बघितली, दोन्ही वाद्यं बघितली. बराच वेळ त्यांनी टक्कल खाजवलं. “काळ्यांचे स्वर जास्त जागेवर होते,” ते शेवटी म्हणाले.

“मग?”

“मग काही नाही. बोटं मी शिकवू शकतो. गज सरळ जायला मात्र माझ्याही हाताला वर्षं लागली. तुमचा डावा हात आजच माझ्या निम्म्या वर्गापेक्षा सरळ जातो. उलटंच घ्या.” मग म्हणाले, “आमच्या आचाऱ्याला मात्र हे सांगू नका. त्याचं छान चाललंय.”

“आणि खुर्च्या?”

“रांगेच्या डाव्या टोकाला बसा. तुमचा कोपर मोकळ्या वाटेत जाईल. कुणाचा डोळा फुटणार नाही.”

हे इतकं सोपं होतं तर आधी का नाही बोललात, हा प्रश्न तिच्या ओठावर आला. पण विचारला नाही. मास्तर लाल झाले होते, तेवढं उत्तर पुरेसं होतं.

सरावाच्या पहिल्या दिवशी डावरी अर्धा तास आधी गेली. डाव्या टोकाची खुर्ची हलवून बघितली, डुगडुगत नव्हती. बसून हवेत गज पुरता ओढला. कोपर कुठल्या खांबाला लागत नव्हता. उजवीकडच्या खुर्चीवर बसून परत एकदा बघितलं. मग तिची खात्री पटली की इथे काही लपवलेलं नाही.

घरी येऊन तिनं स्वतःसाठी काळं कापड पसरलं. खडूनं कोट आखला. सैलपणा या वेळी डाव्या काखेत सोडला आणि कॉलरला आतून दुहेरी पट्टी लावली ती उजव्या बाजूला.

“चुकलीस,” बहीण सवयीनं म्हणाली. “व्हायोलिनवाल्यांचं उलट असतं.”

“माहिती आहे,” डावरी म्हणाली आणि रेघेवर कात्री चालवली.