डावरीच्या वाट्याचं एक मिनिट

सराव संपला की सर रोज एका उपड्या क्रेटवर बसायचे, गळ्यातली शिट्टी काढून मांडीवर ठेवायचे आणि पेन्सिलीच्या थोटकाने लिहायला लागायचे. लिहायचे म्हणजे काय, प्रत्येक मुलीपुढे दोन-चार शब्द. 'उडी उशिरा.' 'कोपर खाली.' नुसत्या चुका. चूक सुधारली की तिच्यावर आडवी रेघ. व्हॉलीबॉल त्यांनी मुलींना आयुष्यभर असंच शिकवलं. कौतुक करायची वेळ आली की ते शिट्टी तोंडात धरायचे.

यंदा तिघी संघ सोडून चालल्या होत्या, आणि निरोपाचं भाषण सरांनीच करायचं असं क्लबने ठरवून टाकलं. तेही पालकांसमोर. सरांचं जेवणातलं लक्ष उडालं. शेवटी त्यांनी टिपणं लेकीपुढे सरकवली. ती कार्यक्रमांचं निवेदन करायची. बोलण्यासाठी लिहिणं हा तिच्या हातचा मळ.

तिने चाळून पाहिलं. "बाबा, हा निरोप आहे की आरोपपत्र?"

मग ती कामाला लागली. रेघ मारलेल्या ओळीच तिने आधी वेचल्या. 'उडी उशिरा' तसंच वाचलं तर पोरीचं उणं काढल्यासारखं होईल. तेव्हा काय दिसायचं आणि पुढे काय बदललं, ही दोन्ही टोकं हवीत. म्हणून उंच 'शिडी'साठी तिने लिहिलं, 'पहिल्या वर्षी तू जाळीपाशी पोचायचीस, तोवर बॉल खाली आलेला असायचा. यंदा बॉल यायच्या आधी तू वर होतीस.' मेहनती, गुणी हे शब्द तिने उडवले. ते कुणालाही चिकटतात. जिथे तिथे 'ती'चं 'तू' केलं. दम घ्यायच्या जागी तिरक्या रेघा दिल्या. नाव शेवटी ठेवलं, म्हणजे टाळ्या तिथे पडतात. आणि प्रत्येकीला मिनिटभरच, कारण आपल्या लेकीला कमी मिळालं की आया बरोबर हेरतात. मग सरांना उभं करून मोठ्याने वाचायला लावलं. जीभ अडली तो शब्द बदलला.

अडलं ते डावखुऱ्या डावरीपाशी. तिच्या नावापुढे एकच ओळ होती: 'वडील आले की सर्व्हिस जाळीत.' लेकीने त्यावरून खुसखुशीत वाक्य बेतलं होतं: 'आज बाबा समोर बसलेत, पण घाबरू नकोस, आज सर्व्हिस करायची नाहीये.'

"काढ ते," सर म्हणाले.

"लोक हसतील, बाबा."

"तिचे वडील नाही हसणार." बूट बांधता बांधता डावरी एकदा खाली मान घालून म्हणाली होती, सर, घरी कळू देऊ नका, ते सुट्टी काढून येतात. सरांनी शब्द दिला होता.

"मग तिच्या वाट्याला उरतं काय? डावखुरी आहेस? ते सगळ्यांना दिसतंच की." लेक थांबली. "पण ही ओळसुद्धा खोडलीय तुम्ही. सुधारलं कसं, ते सांगा."

सर अडखळत सांगू लागले. लेकीने ते उतरवलं, तेवढं एक पान बदललं आणि पुन्हा छापलं. दोन्ही प्रती टेबलावर राहिल्या. वरचं पान दोन्हींचं सारखंच.

सरावाच्या हॉलमध्येच झालेल्या समारंभात डावरीचे वडील पहिल्या रांगेत होते, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर. शिडीचं झालं, कप्तानाचं झालं. सरांनी पान उलटलं. 'आज बाबा समोर बसलेत.' जुनी प्रत.

माइक नुसताच घुमत राहिला. मागे लेक खुर्चीतून अर्धवट उठली. डावरी सरांकडे टक लावून बघत होती. तिचा चेहरा उतरत चाललेला त्यांना दिसला. त्यांनी कागदाची घडी घातली.

"बॉलला हवा भरायचं एक बारीक भोक असतं," ते म्हणाले आणि थांबले. "सर्व्हिसच्या आधी तू ते शोधायचीस. सगळा हॉल ओरडत असायचा. तुला दुसरं काही दिसायचं नाही. रेफ्रीच्या शिट्टीनंतर आठ सेकंद मिळतात. तू आठही वापरायचीस. माझा जीव जायचा."

हशा पिकला.

"शोधायला मी सांगितलं होतं. थांबायचं धाडस तुझं, डावरी."

टाळ्या पडल्या. मिनिट भरलं नव्हतं. सरांनी पहिल्या रांगेकडे बघायचं टाळलं.

नंतर वडील स्वतःच जवळ आले. सरांनी घडी केलेला कागद खिशात सारला.

"इतकी का थांबते, ते आज कळलं," ते म्हणाले. "मला वाटायचं, मला शोधतेय."

सरांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, कुणाला कळू नये अशी. वडिलांच्या खांद्यावरून पलीकडे त्यांना डावरी दिसली. ती आणि शिडी जाळी उतरवायला लागल्या होत्या.

"आधी दोर सैल करा गं," त्यांनी हाक दिली, "मग हूक काढा."