वहीतली शेवटची ओळ

ती बाळंतपणाच्या रजेवरून परत येणार हे कळलं त्या दिवशी मी घरी भाजीत मीठ घालायला विसरले. नवरा म्हणाला, "काहून वं, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. खरं तर माझ्या अंगाची लाहीलाही होत होती.

आमचं ऑफिस बर्डीवर, भर बाजारात आहे. दवाखान्यांकडून आलेले विम्याचे क्लेम तपासायचं काम. मी तिथं तेरा वर्षांपासून आहे आणि ती चार. तिला फाइल कशी वाचायची, डॉक्टरच्या गिचमिड अक्षरातून आजार कसा शोधायचा, हे मी शिकवलं. दोन वर्षांत ती टीम लीड झाली आणि मी तिच्या टीममध्ये. ती मला ताईच म्हणायची, डब्यातली पहिली पोळी मला द्यायची, आणि हे सगळं मनापासून करायची. त्याचाच मला जास्त राग यायचा. दुष्ट असती तर मला निवांत जळता आलं असतं.

ती रजेवर गेली तेव्हा तिची खुर्ची तात्पुरती मला मिळाली. सात महिने मी तिथं बसले. खिडकीजवळची खुर्ची, मागं भिंत, समोर सगळी टीम. पहिल्या आठवड्यातच मी तिथं माझी पाण्याची बाटली, हातरुमाल आणि तुळशीची छोटी कुंडी आणून ठेवली. तात्पुरत्या माणसानं कुंडी आणायची नसते, पण मी आणली.

रुजू व्हायच्या आधी तिची एचआरशी मीटिंग ठरली. दोन दिवस आधी तिचा मला फोन आला. मागं बाळ रडत होतं.

"ताई, तुम्ही येता का माझ्यासंगं? मी मॅडमले विचारलं, त्या हो म्हणाल्या. तुम्ही फक्त लिहून घ्या. मले आजकाल काहीच ध्यानात राहत नाही. हा झोपूच देत नाही. मी बोलीन का लिहीन?"

"मीच कशाला?" मी विचारलं.

"तुमच्यासारखं कोणाले लिहिता येते, ताई?"

ते खरं होतं. मी लिहून घेण्यात पक्की आहे, आणि का पक्की आहे हे ऑफिसात कोणालाच ठाऊक नाही. अकरा वर्षांपूर्वी माझा मुलगा झाला. तेव्हा मी ह्याच ऑफिसात एका टीमची प्रमुख होणार होते. रजेवर जाताना त्या वेळचे एचआरचे साहेब हसत म्हणाले होते, "बिनधास्त जा, तुमची जागा तुमचीच." तीन महिन्यांनी परत आले तर ते साहेब नोकरी सोडून पुण्याला गेलेले, आणि माझ्या जागी दुसरं माणूस. नव्या साहेबांना सांगितलं तर त्यांनी शांतपणे विचारलं, "असं कुठं लिहून आहे?" कुठंच नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक मीटिंगला वही नेते. मला जे अकरा वर्षांपूर्वी सुचलं नाही, ते ह्या पोरीला आधीच सुचलं होतं, आणि वर लिहायला बाई पण मिळाली होती.

मीटिंग सकाळी अकराला होती. एचआरच्या मॅडमनी बसताच सांगितलं, मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका, नोट्स घ्यायला हरकत नाही. मी पानावर तारीख, वेळ आणि कोण कोण बसलंय ते लिहिलं. मग मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे 'ठरलं', उजवीकडे 'बघू'. ही माझी जुनी पद्धत. मीटिंगमध्ये माणसं 'बघू' असं म्हणतात की ऐकणाऱ्याला ते 'ठरलं' वाटतं, आणि घरी जाऊन तो पेढे वाटतो.

ती चांगली बोलली. थकलेली होती, डोळ्यांखाली काळं होतं, पण मागितलं नीट. नऊ ते साडेपाचचीच शिफ्ट, सहा महिने. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. डावीकडे लिहिलं. आठवड्यातून दोन दिवस घरून काम. मॅडम म्हणाल्या, एक दिवस आत्ता देते, दुसऱ्या दिवसाचं आयटीशी बोलून पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगते. पहिला दिवस डावीकडे, दुसरा उजवीकडे, पुढं मॅडमचं काम आणि शुक्रवार. दूध काढायला बंद खोली हवी होती. मॅडमनी स्टोअरच्या बाजूची खोली देते म्हटलं, चावी ॲडमिनकडून सोमवारी. डावीकडे. मला माझी आठवण आली. मी बाथरूममध्ये उभी राहून दूध काढायचे आणि बेसिनमध्ये सांडायचे. तिला खोली मिळत होती, चावीसकट. मी लिहीत होते आणि आतून धुमसत होते.

सगळं संपलं. मॅडमनी लॅपटॉप मिटला, आम्ही उठलो. तेव्हा दारात ती हळूच म्हणाली, "मॅडम, आणि लीडचं?"

"तुम्हीच ना. पहिल्या दिवसापासून. ह्या फक्त तात्पुरतं पाहत होत्या," मॅडम माझ्याकडे बघून गोड हसल्या.

मी उभ्या उभ्या ते लिहिलं. डावीकडे, शेवटची ओळ. पेन इतकं दाबलं की खालच्या पानावर उमटलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, मेल तुम्हीच बनवून द्या न. मी माझ्या आयडीवरून पाठवते. आजच गेला पाहिजे, उद्यावर टाकलं का राहते." एवढंही तिला कळत होतं. तिला सक्करदऱ्याला घरी पोचायचं होतं, बाळाची दुधाची वेळ झाली होती.

मी माझ्या, म्हणजे तिच्या, खुर्चीत बसून मेल तयार केला. मेल इंग्रजीत होता, सार असं: आज अकरा वाजता आपण भेटलो, वेळ दिल्याबद्दल धन्यवाद, माझ्या समजुतीप्रमाणे खालील गोष्टी ठरल्या. मग शिफ्ट, घरून कामाचा एक दिवस, खोली आणि चावी. खाली वेगळं: ह्यावर निर्णय बाकी, दुसरा दिवस, आपण शुक्रवारपर्यंत कळवाल. आणि शेवटी: ह्यात काही चुकलं किंवा राहिलं असेल तर कृपया कळवावं.

लीडची ओळ मी टाकली नाही.

मी स्वतःला काय सांगितलं तेही सांगते. मी म्हटलं, ती गोष्ट मीटिंगमध्ये झालीच नाही, मीटिंग संपल्यावर दारात झाली. मी म्हटलं, मॅडमना ठाऊकच आहे, लिहायची काय गरज. हे दोन्ही मी तुळशीच्या कुंडीकडे बघत म्हटलं. न लिहिलेल्या ओळीचं काय होतं हे ह्या ऑफिसात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

मेल तिला पाठवला. तिनं ऑटोतूनच मॅडमना पाठवला, विभागाच्या सरांना आणि मला प्रत ठेवून, आणि मला मेसेज केला: "वाचला नाही पूर्ण. तुम्ही लिहिला म्हणजे बरोबरच असंल."

दुसऱ्या दिवशी मॅडमचं उत्तर आलं. मेलमध्ये दिल्याप्रमाणे मान्य. मी स्कूटीवरून हुडकेश्वरला घरी जाताना गाणं गुणगुणत होते. घरी नवऱ्याला म्हटलं, आज काहीतरी गोड आणायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "काहून?" मी कणीक मळायला घेतली.

पाच दिवसांनी आमच्या विभागाच्या सरांनी मला बोलावलं. चहा मागवला. सर चहा मागवतात तेव्हा काहीतरी मोठं असतं.

"मी तिचा मेल पाहिला," ते म्हणाले. "शिफ्ट, खोली, सगळं आहे. लीडचं काही नाही. मग तुम्हीच चालू ठेवा. मी लेटर काढायले सांगतो. तिले पण लहान बाळ आहे, हलकं होईल."

तेरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते चहाच्या कपासोबत समोर ठेवलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, "पण मॅडम तर तिले म्हणाल्या होत्या, का जागा तिचीच राहीन म्हणून."

का म्हटलं, मला अजून नीट कळलेलं नाही. कदाचित मला वाटलं, सर म्हणतील असू द्या, आणि माझं मनही हलकं होईल, खुर्चीही राहील.

सर हसले. "असं कुठं लिहून आहे?"

तोच प्रश्न. तोच शांत आवाज, जसं काही फार समजूतदारपणे विचारतात. अकरा वर्षांपूर्वी मी त्या प्रश्नापुढं मान खाली घालून उभी होते, ब्लाउजला दुधाचे डाग, आणि माझ्या बाजूनं बोलायला खोलीत कोणी नव्हतं.

"माझ्या वहीत लिहून आहे, सर," मी म्हटलं.

चहा तसाच राहिला. मी जागेवर येऊन त्याच मेलला सगळ्यांना उत्तर पाठवलं. लिहिलं की त्या दिवशीच्या नोट्स मी घेतल्या होत्या, त्यातला एक मान्य झालेला मुद्दा मसुद्यात आला नाही: टीम लीडची जबाबदारी रुजू होण्याच्या पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडेच राहील. चूक माझी. वहीच्या पानाचा फोटो जोडला आणि 'पाठवा' दाबलं. अर्ध्या तासात मॅडमचं उत्तर आलं, हो, असं मी म्हटलं होतं, मान्य आहे.

मी कुंडी उचलली आणि माझ्या जुन्या टेबलावर नेऊन ठेवली. तिथं ऊन येत नाही.

सोमवारी ती आली. आल्या आल्या माझ्या टेबलाशी उभी राहिली. "ताई, ते राहून गेलं असंल न घाईत?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. "राहिलं नव्हतं," मी म्हटलं. "मी मुद्दाम गाळलं होतं."

तिनं हात पुढं केला. म्हणाली, "वही द्या." तिनं त्या पानाचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये काढला, वही परत दिली आणि जाऊन तिच्या खुर्चीत बसली. तेव्हापासून ती तिच्या नोट्स स्वतः घेते. मधोमध उभी रेघ मारून. डब्यातली पहिली पोळी आता मला मिळत नाही.

मी सुधारले वगैरे काही नाही. ती त्या खोलीची चावी बोटात फिरवत जाते तेव्हा आजही माझा जळफळाट होतो. पण खोलीचा, खुर्चीचा हेवा मला आता तेवढा वाटत नाही. मी तिच्यावर जळते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तिच्या मीटिंगला, तिच्या बाजूच्या खुर्चीत, वही घेऊन मी बसले होते. माझ्या वेळी तिथं कोणी नव्हतं.