तयार परिच्छेद

सकाळचे नऊ वाजून बेचाळीस मिनिटं. पोलीस ठाण्याच्या भिंतीला टेकलेल्या टपरीत टायपिस्टकाकांनी प्रिंटरमध्ये कागद भरले आणि समोर बसलेल्या बेकरीवाल्याला सुरुवात करायला सांगितलं. सव्वीस वर्षं ते अर्ज लिहितात. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं नाव ते सगळ्यात शेवटी घालतात. लोक नावापासून सुरुवात करतात आणि मग शिव्याच देत बसतात, मुद्दा राहून जातो, असा त्यांचा अनुभव.

बेकरीवाल्याची हकीकत साधी होती. पीठ मळायची दोन मशीनं सांगितली, अर्धे पैसे आगाऊ दिले. एक मशीन वेळेवर आलं, उत्तम चालतंय. दुसरं दोन महिने झाले तरी नाही. विचारलं की एकच उत्तर, गिअरबॉक्स पुरवठादाराकडे अडकलाय. वाढीव भट्टी लावून बसलेल्या माणसाला असलं उत्तर किती दिवस पचणार? वकिलाकडे का गेला नाहीत, असं काकांनी सवयीने विचारलं. दिवाणी दाव्यात आपली बेकरी म्हातारी होईल, त्यापेक्षा ठाण्यातून एक फोन गेला की तो मशीन डोक्यावर घेऊन पळत येईल, असं त्याने सांगितलं. काका हसले. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यावर हसणं हाही कामाचाच भाग झाला होता.

मग त्यांनी साठवून ठेवलेला परिच्छेद उघडला. 'सदर इसमाचा सुरुवातीपासूनच मला फसवण्याचा हेतू होता. काम करण्याची इच्छा नसताना त्याने खोटी बतावणी करून माझ्याकडून रक्कम घेतली.' आठ वर्षांपूर्वी एका माणसाने अस्तित्वातच नसलेलं गोदाम दाखवून पाच जणांकडून पैसे उकळले होते, त्या अर्जासाठी काकांनी तो लिहिला. तेव्हा त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पुढे कळलं की, हा परिच्छेद असला की अर्ज हलतो, नसला तर 'दिवाणी बाब आहे, कोर्टात जा' म्हणून परत येतो. तेव्हापासून व्यवहार फिसकटल्याच्या प्रत्येक अर्जात तो जातो. ग्राहकाला त्याबद्दल कोणी विचारत नाही.

"बोला, नाव."

बेकरीवाल्याने खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून कीबोर्डवर ठेवलं. काकांनी सवयीने, अर्थाकडे लक्ष न देता, नाव-पत्ता टाइप केला, मोबाइल नंबरचे चार आकडे टाइप केले आणि थांबले. पुढचे सहा त्यांना पाठ होते. कार्ड त्यांच्या मेहुण्याचं होतं, बायकोच्या धाकट्या भावाचं. तो गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये मशीनं जोडतो. रविवारी त्यांच्याच घरी जेवला होता, आणि गिअरबॉक्स पुरवणाऱ्याला आपण आधीच पूर्ण पैसे दिल्याचं सांगून डोकं धरून बसला होता.

सव्वीस वर्षांत काकांनी जो प्रश्न कुणाला विचारला नव्हता, तो आता विचारला. "पैसे घेतले तेव्हाच त्याच्या मनात फसवायचं होतं, असं तुम्हाला वाटतं का?"

"मला कसं कळणार? तुम्हीच लिहिलंय की."

ती दोन वाक्यं काढू या, मशीन न आल्याचं तेवढं ठेवू, असं काका म्हणाले. बेकरीवाल्याने ऐकलं नाही. काकांच्या हाताखालूनच त्याने प्रिंटचं बटण दाबलं, छापलेला कागद ओढला, उरलेले सहा आकडे पेनाने लिहिले, सही केली, पैसे टेबलावर ठेवले आणि पंधरा पावलांवरच्या फाटकातून आत गेला. काका खुर्चीतच राहिले. पुढच्या ग्राहकाने दोनदा हाक मारली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण कार्ड अजून चिमटीत धरलंय.

दुपारी मेहुण्याला ठाण्यातून फोन आला: गुरुवारी चार वाजता हजर राहा. तो थेट टपरीवर आला. "दाजी, अटक करतील का हो? एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचं काम ठरतंय. गुन्हा नोंदला तर ते मला दारात उभं करणार नाहीत." अर्ज कुणी लिहिला, हे त्याने विचारलं नाही. काकांनी सांगितलं. मेहुण्याने प्रिंटरकडे बघितलं. मग एवढंच म्हणाला, "ताईला मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं. बायकोने भाजी चिरणं थांबवलं नाही. अर्जांच्या प्रती घरी तीच लावून ठेवायची, त्यामुळे तो परिच्छेद तिला तोंडपाठ होता. "माझ्या भावाचं नाव आलं म्हणून बोचलं," ती म्हणाली. "बाकीच्यांना बहिणी नव्हत्या?"

गुरुवारी उपनिरीक्षक बाईंनी बेकरीवाला, मेहुणा आणि अर्ज लिहिणारे म्हणून काका, अशा तिघांनाही समोर बसवलं. मेहुण्याने गिअरबॉक्सची पावती, पुरवठादाराशी झालेले मेसेज आणि शेडमध्ये उभ्या असलेल्या अर्धवट मशीनचे फोटो ठेवले. पावती आगाऊ रक्कम मिळाल्याच्या तिसऱ्या दिवसाची होती. बाईंनी बेकरीवाल्याला विचारलं, पहिलं मशीन चालतंय का. चालतंय, तो म्हणाला. या माणसाने शेड, अनुभव, आणखी काही खोटं सांगितलं होतं का? नाही. मग सुरुवातीपासूनचा हेतू कशावरून?

बेकरीवाला काकांकडे बघायला लागला. काका उभे राहिले. "ते वाक्य यांचं नाही, मॅडम. माझं आहे. यांनी तसं काही सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं."

"मेहुणा निघाला म्हणून पलटी मारली," बेकरीवाला म्हणाला. "दुसरा कोणी असता तर चहा पाजला असता मला."

ते खरं होतं.

बाईंनी समजावलं ते थोडक्यात असं: पैसे घेताना मनात काय होतं, यावर फसवणूक ठरते. प्रामाणिकपणे घेतले आणि नंतर जमलं नाही, तर तो करारभंग. त्याची भरपाई दिवाणी कोर्टात मागायची. वसुलीचा फोन करायला पोलीस नाहीत. त्यांनी दोघांचे जबाब लिहून घेतले आणि अर्जावर शेरा मारला: बाब दिवाणी स्वरूपाची, दखलपात्र गुन्हा दिसत नाही. मेहुण्याने पावती घडी करून खिशात ठेवली.

विषय इथे संपला असता. पण बाईंनी कपाटातून एक गठ्ठा काढून काकांपुढे सरकवला. या वर्षातले अकरा अर्ज. अकराही अर्जांत तोच परिच्छेद, पूर्णविरामसुद्धा त्याच जागी.

"नववा वाचा," बाई म्हणाल्या.

तो मंडपवाल्याविरुद्धचा होता. वादळात कापड फाटलं, म्हणून लग्नाच्या दिवशी तो मंडप उभारू शकला नव्हता. सहा दिवस कोठडीत होता. जामीन मिळेपर्यंत त्याची हंगामाची बाकीची कामं दुसऱ्यांनी घेतली होती.

"गुन्हा मीच नोंदवला," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चौकशी केली नाही. हे वाक्य होतं, ते पुरेसं वाटलं. त्याचा गुन्हा रद्द करण्याचा अर्ज वरच्या कोर्टात आहे. तक्रारदार असं कधी बोलला का, तुम्हाला आठवतं?"

काकांना त्या तक्रारदाराचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. त्यांनी तसं सांगितलं. मग, कोणी विचारलेलं नसताना, ते म्हणाले की बोलला असणं शक्य नाही, कारण मी विचारलंच नसणार. हेच उद्या जबाबात लिहून द्या, असं बाई म्हणाल्या.

बाहेर मेहुणा स्कूटर लावून थांबला होता. काकांनी त्याला पुढे जायला सांगितलं आणि टपरीच्या फळीवर खडूने वेळ लिहिली. उद्या अकरा वाजता मंडपवाल्याच्या प्रकरणात त्यांचा जबाब आहे. टपरी दुपारी दोनला उघडेल.