मैनाचा नंबर

थळच्या मैनाने आयुष्यभर बाजारात मासळी विकून घर चालवले, पण मुलीच्या शाळेत नंबर नोंदवला तो नवऱ्याचा. धर्मा तो फोन घेऊन बोटीवर गेला होता आणि खोल समुद्रात रेंज नसते. त्यातच मुलीने, अमिषाने, चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकल्यामुळे शाळेच्या पोर्टलचे तिचे लॉगिन बंद झाले. ते उघडणारा ओटीपी धर्माच्याच फोनवर जाणार होता. प्रकल्प संध्याकाळपर्यंत पोर्टलवर चढला नाही तर गुण जाणार होते.

मैनाच्या टोपलीशेजारी बसून अमिषाने आईच्याच फोनवरून शाळेच्या कार्यालयाला ईमेल लिहिला. नाव, इयत्ता, आयडी, मुदत, आईचा नंबर, आणि शेवटी, "वडील समुद्रावर आहेत. कृपया आईचा नंबर नोंदवून लॉगिन सुरू करावे."

"माझा नंबर शाळेला चालंल?"

"आई हायस ना माझी?"

"आज तरी हाय. पाठव."

थोड्या वेळाने कार्यालयातल्या सुचिता मॅडमचा फोन आला. त्यांनी खात्रीसाठी मुलीची जन्मतारीख विचारली.

"मावशी, बोंबील कसे दिले?" गिऱ्हाईक मध्येच म्हणाले.

"थांब गं बाई, शाळेचा फोन हाय."

मैनाने तारीख सांगितली. नंबर बदलायला संमती आहे का, असे मॅडमनी विचारले, तेव्हा ती ताठ बसली. "व्हय, हाय."

ओटीपी तिच्या फोनवर आला. अमिषाने प्रकल्प चढवला. 'प्रकल्प मिळाला' हा संदेशही तिथेच आला. मैनाने ओले हात पदराला पुसले आणि तो संदेश सावकाश वाचला.

"बाबाला सांगायला पायजे," अमिषा म्हणाली.

"सांगू की, बोट लागल्यावर. आता शाळा मला फोन करते म्हणून."