उर्वशी मॅडम आणि जोडाक्षरांची गाठ

उर्वशी रामटेके मूल तालुक्यातल्या एका जंगलकाठच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. वडील नागभीडला रेल्वेत गँगमन. घरात शिकून नोकरीला लागलेली पहिली तीच. तिच्या वर्गातली मुलं धडा चुकत नाहीत, असा तिचा लौकिक होता. अक्षर नीट आलं की अर्थ आपोआप येतो, असं तिला मनापासून वाटायचं.

मार्चमध्ये मोह गळायला लागला. गावातल्या बाया फुलं वेचायला अंधारातच जंगलात जायच्या. त्याच सुमारास तळ्याकडे पिल्लांसह वाघीण आली. वनरक्षक मिथुन कोवे याने शाळेच्या भिंतीवर सूचना डकवली: 'हिंस्र वन्यप्राण्यांच्या वास्तव्यामुळे तलावालगतच्या वनक्षेत्रात सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर प्रवेश निषिद्ध.'

"पोरायकडून वाचून घ्या मॅडम," तो म्हणाला. "घरी जाऊन सांगतीन."

उर्वशीने चौथीतल्या पुनमला उभं केलं. पुनम बोट ठेवून वाचू लागली. 'हिंस्र'पाशी थांबली. 'सूर्योदयापूर्वी'वर तिचं बोट दोनदा मागे गेलं. 'निषिद्ध'मधला द कुठला आणि त्याच्या पोटात बसलेला ध कुठला, हे बघायलाच वेळ लागला. पण शेवटपर्यंत एकही चूक झाली नाही. उर्वशीने समाधानाने मिथुनकडे पाहिलं.

"काय लिवलं हाय मंग?" मिथुनने विचारलं.

पुनमने पुन्हा कागदाकडे पाहिलं. "सूर्याचं काहीतरी हाय."

"तुही आई मोहाले कवा जाते?"

"अंधारातच जाते."

आता उर्वशीने तीच सूचना स्वतः, नेहमीच्या वेगाने वाचून दाखवली. पुनम म्हणाली, "जंगलात जाऊ नोका म्हणते. कवा, ते नाई समजलं."

"दिवस निघायच्या आधी अन् दिवस बुडल्यावर जायचं नाई. तिथी वाघीण हाय," मिथुनने सांगितलं.

"मंग असंच काऊन नाई लिवलं?"

"ऑफिसातून असंच येते," मिथुन म्हणाला.

संध्याकाळी उर्वशी पुनमबरोबर तिच्या घरी गेली. पुनमची आई कमळा चुलीपाशी होती. "कागद लागला ते पाह्यलं," ती म्हणाली, "पण मले कोनी सांगतलंच नाई." तिने शेजारणींना निरोप दिला. दुसऱ्या दिवशी बाया ऊन आल्यावर, घोळक्याने गेल्या. मोहाखालच्या मातीत वाघिणीची आणि पिल्लांची ताजी पावलं होती. फुलं तशीच टाकून सगळ्या परतल्या.

त्यानंतर उर्वशी मुलांचं वाचणं वेगळ्या कानाने ऐकू लागली. तिच्या लक्षात आलं की गाठी दोन आहेत. पहिली अक्षरांची. 'सूर्य'मधला र उच्चारायचा य च्या आधी, पण तो लिहिलेला असतो य च्या डोक्यावर. नजर पुढे जाते आणि मागे येते. अशी दोन-चार अक्षरं एका ओळीत आली की मूल ती सोडवण्यातच दमतं, आणि वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरून जातं. दुसरी गाठ शब्दाची. 'सूर्योदयापूर्वी'त सूर्य कुठे संपतो आणि उदय कुठे सुरू होतो ते दिसतच नाही, दोघं त्या 'र्यो'त मिसळलेले. त्यात शेवटी 'पूर्वी' येऊन चिकटतं. हे कोणी वाचून दाखवलं तरी सुटत नाही.

म्हणून तिने फळ्यावर लांब शब्द फोडून लिहायला सुरुवात केली: सूर्य, उदय, पूर्वी. प्रत्येक तुकड्याचा अर्थ मुलांनी आपल्या बोलीत सांगायचा, मग शब्द पुन्हा जोडायचा. धड्यातले अवघड शब्द धडा उघडण्याआधीच बोलण्यात आणायचे. मुलांनी मिथुनची सूचनाही आपल्या भाषेत लिहिली आणि मूळ कागदाखाली लावली. मिथुनने ती वाचली, काढायला सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये वाचनाची तपासणी झाली. आलेल्या साहेबांनी घड्याळ लावून पुनमला वाचायला दिलं. ती जोडशब्दापाशी थांबे, मनात तो फोडे, मग पुढे जाई. वेळ संपली तेव्हा उतारा अर्धाच झाला होता.

"हळू वाचते," साहेब म्हणाले.

"काय वाचलं ते विचारा ना सर," उर्वशी म्हणाली.

त्यांनी विचारलं. पुनमने वाचलेलं सगळं सांगितलं, आणि 'जलसंधारण' म्हणजे पाणी अडवून ठेवणं, हेही. साहेबांनी मान हलवली. "समज चांगली आहे. पण मोजायचा वेगच आहे." पुनम खालच्या गटात गेली.

उर्वशीला वाईट वाटलं. इथे पोरं मंद झाली, असं म्हणत एका पालकाने आपली मुलगी तालुक्याला, मूलच्या शाळेत घातली, त्याचंही वाटलं. तिने पद्धत मात्र बदलली नाही.

पुनम आता शेजारच्या गावी पाचवीत जाते. नवा शब्द आला की अजूनही अडते. नाही समजला तर हात वर करून विचारते. तिथल्या सरांना सुरुवातीला याचा त्रास झाला. आता वर्गातली इतर मुलंही विचारतात.