रंभाकाकीची एकटीची सही

कळव्याच्या रंभाकाकीचे यजमान, आमचे शिवरामकाका, दिवाळीनंतर गेले. मागे दोघांच्या नावाचं बचत खातं आणि तीन एफडी. त्यातून काकांचं नाव काढून पैसे स्वतःच्या हाती यावेत, मुलांपुढे हात पसरायला लागू नये, एवढीच काकीची इच्छा होती.

पण आम्ही जमीनवाले. एक गुंठा विकायचा तरी आमच्याकडे सतरा वारस रजिस्ट्रार कचेरीत सह्या-अंगठे द्यायला जातात. बँकेतही तसंच असणार, हे आम्ही कुणालाही न विचारता ठरवून टाकलं आणि प्रत्येकाच्या सहीला भाव चढला. धाकट्या सुमितला एक एफडी मोडून बुलेट हवी होती. थोरला हितेश म्हणाला, खात्यात माझं नाव घाल, मग सही. नणंद जाईबाईंनी मोहनमाळ मागितली. मी पुतणी, मीही काही कमी नाही. पैठणी कबूल करून घेतली. काकी बिचारी सगळ्यांना मान डोलवायची, पण तिचं जेवणावरचं मन उडालं होतं.

सोमवारी आम्ही अकरा जण हळदीला निघाल्यासारखे नटून, टेम्पोतून खोपटच्या शाखेत उतरलो. हितेशने सातबारा आणला होता, शिवाय पुठ्ठ्यावर काढलेली वंशावळ.

अधिकारी कल्पितामॅडमनी वंशावळ हसू दाबून बाजूला ठेवली. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स मूळ प्रतीशी ताडून घेतली, काकीचं आधार, पॅन, पासबुक आणि एफडीच्या पावत्या पाहिल्या, मग काकीपुढे अर्ज सरकवला.

"खातं आणि एफडी, दोन्हीला 'दोघांपैकी एक किंवा हयात असेल तो' असंच लिहून दिलंय. सही फक्त यांची लागेल."

एफडी मोडायची गरज नव्हती. त्याच व्याजाने, त्याच मुदतीपर्यंत त्या काकीच्या एकटीच्या नावावर राहणार होत्या. व्याजावर कर कापू नये म्हणून पंधरा-एच फॉर्म तेवढा तिच्या नावाने भरायचा होता.

आमची तोंडं बघण्यासारखी झाली. हितेशने शेवटचा प्रयत्न केला: आईला सही कुठे येते?

"मना येते," काकी म्हणाली. "खाता खोलला तवा यांनीच शिकवली. महिनाभर दूधवाल्याच्या कॅलेंडरावर गिरवलेली."

ती सावकाश लिहू लागली. मॅडमनी जुन्या नमुन्याशी सही ताडून पाहिली, जुळली. जिन्यात सुमितने बुलेटचं विचारलं, तेव्हा काकी इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. आम्हीही हसलो, दुसरं करणार काय.

आठवड्याने नवं पासबुक आलं. काकीने ते मला वाचायला दिलं. मी मोठ्याने वाचलं: रंभा शिवराम म्हात्रे.

"बघ," ती म्हणाली, "यांचा नाव काढला म्हनं. हाय ना हितंच."

मग तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्यासमोर दोनदा भात वाढून घेऊन जेवली.